‘इष्टांक संपलाय’ म्हणजे नेमकं काय संपलंय?

कोल्हापूर जिल्ह्यातलं करवीर असो, हातकणंगले असो की शिरोळ, तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत एक वाक्य हमखास कानावर पडतं: “कागदपत्रं बरोबर आहेत, पण इष्टांक शिल्लक नाही.” इष्टांक म्हणजे रेशनचं धान्य जास्तीत जास्त किती माणसांना द्यायचं, याचा ठरवून दिलेला आकडा. उत्पन्नाचा दाखला खरा असतो, कार्ड केशरी असतं, घरची परिस्थिती सगळ्या गावाला माहीत असते, तरीही सुनेचं किंवा नातवाचं नाव धान्याच्या यादीत चढत नाही. माणूस समजतो की कारकून अडवतोय. कधी तसं होतही असेल. पण बहुतेक वेळा अडचण त्या टेबलावर नसते. ती 2011 च्या जनगणनेत आणि तिच्यावर आधारलेल्या एका गुणाकारात असते.

शासनाच्या कोणत्याही योजनेला दोन वेगळे प्रश्न सोडवावे लागतात. किती जणांना द्यायचं, आणि कोणाला द्यायचं. रेशनच्या बाबतीत ‘किती’चं उत्तर जनगणना देते आणि ‘कोणाला’चं उत्तर तहसील कार्यालय, उत्पन्नाचे दाखले व कार्डांची नोंद यांतून येतं. ही दोन उत्तरं वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या यंत्रणांनी काढलेली आहेत. ती जुळत नाहीत तिथे ‘इष्टांक संपला’ हे वाक्य जन्माला येतं.

आधी ‘किती’ पाहू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा 2013 चा. देशातल्या ग्रामीण लोकसंख्येपैकी 75 टक्क्यांपर्यंत आणि शहरी लोकसंख्येपैकी 50 टक्क्यांपर्यंत लोकांना धान्य द्यायचं, असं तो सांगतो. पण प्रत्येक राज्याला हेच टक्के नाहीत. तेव्हाच्या नियोजन आयोगाने 2011-12 च्या कुटुंब खर्चाच्या पाहणीवरून सगळ्या देशासाठी खर्चाची एक रेषा धरली आणि तिच्याखाली प्रत्येक राज्यातले किती लोक येतात ते काढलं. म्हणून बिहारच्या ग्रामीण भागाला 85.12 टक्के मिळाले, केरळच्या ग्रामीण भागाला 52.63 टक्के. महाराष्ट्राच्या वाट्याला आले ग्रामीण 76.32 टक्के आणि शहरी 45.34 टक्के.

हे टक्के कशाला लावायचे, ते कायद्याचं कलम 9 सांगतं: ज्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले आहेत, तिच्या लोकसंख्येला. ‘प्रसिद्ध झाले आहेत’ हे शब्द नीट लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा लागणार आहेत. कायदा आला तेव्हा हाताशी 2011 ची जनगणना होती. तिच्यानुसार महाराष्ट्राची ग्रामीण लोकसंख्या सुमारे 6 कोटी 15 लाख आणि शहरी सुमारे 5 कोटी 8 लाख. टक्के लावून बेरीज केली की साधारण 7 कोटी येतात. राज्याचा इष्टांक हाच, 7 कोटी 17 हजारांच्या आसपास. केंद्राकडून राज्याला धान्य येतं ते या संख्येच्या हिशेबाने. राज्याने यापेक्षा जास्त नावं घातली तर त्या जादा नावांचं धान्य केंद्र देत नाही.

हीच पद्धत कोल्हापूर जिल्ह्याला लावून पाहू. 2011 मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या 38 लाख 76 हजार होती. त्यातले सुमारे 26 लाख 46 हजार ग्रामीण आणि 12 लाख 30 हजार शहरी. ग्रामीणचे 76.32 टक्के म्हणजे 20 लाख 19 हजार, शहरीचे 45.34 टक्के म्हणजे 5 लाख 58 हजार. एकूण 25 लाख 77 हजार, म्हणजे जिल्ह्यातल्या दर तिघांपैकी दोन. राज्य आपला इष्टांक जिल्ह्यांत वाटताना आधीच्या कार्डांची संख्याही बघतं, त्यामुळे जिल्ह्याचा प्रत्यक्ष इष्टांक या आकड्याशी तंतोतंत जुळेलच असं नाही. आकडा कुठल्या पट्टीत बसतो, एवढं कळण्यासाठी हा हिशेब पुरेसा आहे.

आता लोकसंख्या पुढे गेली आणि आकडा तिथेच राहिला. 2001 ते 2011 या दहा वर्षांत जिल्हा 10 टक्क्यांनी वाढला होता. नंतरच्या पंधरा वर्षांत वाढीचा वेग निम्म्यावर आला असं धरलं, तरी साडेसात टक्के वाढ होते. त्याच प्रमाणात इष्टांक वाढला असता तर आणखी 1 लाख 93 हजार माणसं बसली असती. हा अंदाज आहे, मोजणी नाही. पण फरक दोन-चार हजारांचा नाही, एवढं त्यातून नक्की दिसतं.

जिल्ह्याची सरासरी मात्र खरं दुखणं झाकून ठेवते, कारण जिल्हा सगळीकडे सारखा वाढत नाही. समजा, हातकणंगले तालुक्यात औद्योगिक वसाहतीजवळ एक गाव आहे. 2011 मध्ये तिथे 6,000 लोक होते. ग्रामीण टक्केवारीने त्याचा वाटा 4,579 युनिटचा. (रेशनच्या भाषेत एक माणूस म्हणजे एक युनिट.) कारखान्यांमुळे माणसं येऊन राहिली आणि आज ग्रामपंचायतीच्या हिशेबाने गाव 7,400 वर गेलं. तीच टक्केवारी लावली तर 5,648 युनिट हवेत. तूट 1,069. कायद्याच्या यादीत बसलेल्या कुटुंबाला, म्हणजे प्राधान्य कुटुंबाला, माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं, त्या हिशेबाने या एका गावात महिन्याला 53 क्विंटल धान्य कमी येतं.

दुसरीकडे शाहूवाडीतली एक वाडी घ्या. 2011 मध्ये 1,500 माणसं, वाटा 1,145 युनिटचा. पोरं मुंबई-पुण्याला गेली, आज 1,300 उरली. गरज 992 ची. इथे 153 युनिट कागदावर मोकळे व्हायला हवेत. ते हातकणंगल्याला दिले तर प्रश्न सुटेल असं वाटतं, पण पहिल्या गावाची तूट भरायला अशा सात वाड्यांचे मोकळे युनिट लागतील. शिवाय मुंबईला गेलेल्या मुलाचं नाव कार्डावरून कमी केलेलं असतंच असं नाही. वाडीतल्या कार्डावर पाच नावं, घरात दोन म्हातारी माणसं, आणि युनिट अजून भरलेले, असं चित्र असतं. म्हणून इष्टांकाचा प्रश्न आतल्या आत फिरवाफिरव करून थोडा हलका होतो, मिटत नाही.

आता ‘कोणाला’. इथे सगळ्यात मोठा गैरसमज कार्डाच्या रंगाचा आहे. केशरी कार्ड आहे म्हणजे धान्य मिळणार, असं नाही. महाराष्ट्रात पिवळं, केशरी आणि पांढरं ही तिरंगी पद्धत 1999 पासूनची. त्यात वार्षिक उत्पन्न 15 हजार ते 1 लाख असलेल्यांना केशरी कार्ड मिळालं. अन्न सुरक्षा कायदा राज्यात 1 फेब्रुवारी 2014 ला लागू झाला, तेव्हा प्राधान्य कुटुंबासाठी मर्यादा ठरली ती ग्रामीण भागात वर्षाला 44 हजार आणि शहरात 59 हजार. म्हणजे केशरी कार्डवाल्यांचे दोन गट पडले. काही प्राधान्य यादीत गेले, बाकीचे बाहेर राहिले. कार्ड दोघांचं सारखंच दिसतं. फरक आतल्या शिक्क्यात आणि ऑनलाइन नोंदीतल्या प्रकारात असतो. आधी तो प्रकार तपासावा. कार्ड मुळात यादीबाहेर असेल तर घरातल्या एकाचं नाव वाढवण्याचा अर्ज करून उपयोग नसतो. अख्खं कुटुंब यादीत घेण्याचा अर्ज करावा लागतो, आणि त्याला घरात जितकी माणसं तितके मोकळे युनिट लागतात.

44 हजारांची मर्यादाही समजून घ्यायला हवी. महिन्याला 3,667 रुपये होतात. घरातल्या एकाच माणसाने 300 रुपये रोजाने वर्षात 150 दिवस काम केलं तरी 45 हजार होतात आणि कुटुंब मर्यादेबाहेर जातं. त्यामुळे उत्पन्नाच्या दाखल्यावर 40 हजार, 42 हजार असे आकडे ठरल्यासारखे येतात. सगळ्यांचे दाखले एकाच पट्टीत आले की त्यांतून कोण जास्त गरजू हे ओळखता येत नाही. मग निवड गरजेवर न होता अर्ज कोणी आधी केला, चकरा कोणी जास्त मारल्या यावर होऊ लागते. ज्या घरात रोज बुडवून तहसीलला जाणारं कोणी नाही ते घर मागे पडतं, आणि बहुतेकदा सगळ्यात जास्त गरज त्याच घराला असते.

मग जनगणनेतच घरोघरची माहिती असताना तिच्यावरून गरीब कुटुंबं का निवडत नाहीत? कारण ते कायद्याने करता येत नाही. जनगणना अधिनियम 1948 चं कलम 15 प्रत्येक माणसाची नोंद गुप्त ठेवतं. ती कोणाला पाहता येत नाही, कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही. तहसीलदार स्वतः मोजणीच्या कामात चार्ज अधिकारी असतात, तरी तुमच्या घरात दुचाकी असल्याची नोंद जनगणनेतून उचलून रेशनच्या यादीला लावण्याचा अधिकार त्यांना नाही. बाहेर येतात ते फक्त गावाचे, प्रभागाचे, तालुक्याचे एकत्र आकडे.

हे गावात स्पष्ट सांगायला हवं, कारण भीतीपोटी लोक चुकीची माहिती देतात. जनगणनेच्या घरयादीच्या वेळी टीव्ही, फ्रिज, दुचाकी, शौचालय, पिण्याचं पाणी असं सगळं विचारलं जातं. “खरं सांगितलं तर कार्ड जाईल” म्हणून कोणी वस्तू लपवतं, कोणी एका चुलीवर जेवणारं घर दोन म्हणून सांगतं, कोणी भाडेकरू दडवतं. रेशनला याने काहीच फायदा होत नाही, कारण तो दुवाच अस्तित्वात नाही. तोटा मात्र नक्की होतो. दडवलेला भाडेकरू म्हणजे पुढची कित्येक वर्षं गावाच्या संख्येतून कमी झालेलं कुटुंब.

आत्ताच्या आत्ता ज्याला नाव चढवायचं आहे, त्याच्यासाठी वाट एकच: मोकळा होणारा युनिट. युनिट मोकळा होतो तो मृत्यू, लग्न करून गेलेली मुलगी, कायमचं स्थलांतर, ई-केवायसीत न सापडलेलं नाव, किंवा कोणी स्वतःहून अनुदान सोडणं यांतून. मृताचं नाव कमी करायला कोणी आपणहून जात नाही, कारण घरातले 5 किलो कमी होतात. पण गावात वर्षाला होणारे मृत्यू ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत असतात. ग्रामसभेत दुकानाची लाभार्थी यादी वाचून ती त्या नोंदवहीशी ताडली, तर किती युनिट नुसत्या कागदावर जगताहेत ते एका बैठकीत समजतं. ही ताडणी करताना नावासोबत कार्डाचा 12 अंकी क्रमांकही लिहून द्यावा. नुसत्या नावाने दिलेली यादी तालुक्याला परत फिरते, कारण एकाच नावाच्या तीन माणसांपैकी कोण, हे तिथे कळत नाही. आणि कमी केलेला युनिट आपल्याच गावाला परत येईल असं गृहीत धरू नये. तो तालुक्याच्या मोकळ्या संख्येत जाऊ शकतो. म्हणून वगळायच्या नावांच्या सोबतच, त्याच ठरावात, समाविष्ट करायची कुटुंबं क्रमाने लिहून पाठवलेली बरी.

नव्या जनगणनेने चित्र बदलेल का? बदलेल, पण लोक समजतात तसं सरळ नाही. संदर्भ दिनांक ठरला आहे 1 मार्च 2027. मोजणी झाली म्हणजे दुसऱ्या दिवशी इष्टांक वाढला, असं होणार नाही. वर सांगितलेले शब्द इथे लागतात: आकडे प्रसिद्ध व्हावे लागतात, मग केंद्राने राज्याची संख्या नव्याने काढावी लागते, मग राज्याने जिल्ह्यांत वाटावी लागते. गुणाकारातली टक्केवारीही जुन्या खर्च पाहणीची आहे. ती तशीच राहिली तर एक निकाल, बदलली तर दुसरा.

आणि एक गोष्ट कोल्हापूरसारख्या जिल्ह्याने विशेष ध्यानात घ्यावी. ग्रामीण आणि शहरी टक्क्यांत 30.98 चा फरक आहे. म्हणजे 100 माणसं ‘ग्रामीण’ रकान्यातून ‘शहरी’ रकान्यात गेली, की माणूस तोच, रोजगार तोच, घर तेच, पण राज्याच्या हिशेबातून 31 युनिट कमी होतात. रकाना बदलायला गाव नगरपालिका व्हायलाच हवं असंही नाही. वस्ती किमान 5,000, दर चौरस किलोमीटरला किमान 400 माणसं, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेरच्या कामात, या तीन अटी पुऱ्या झाल्या की जनगणना त्या गावाला शहरी धरते, तिथे ग्रामपंचायत असली तरी. उचगाव, गांधीनगर, कबनूर, कोरोची ही गावं 2011 मध्येच अशी जनगणना शहरं होती. हुपरीही तेव्हा याच गटात होती, नगरपरिषद नंतर झाली. औद्योगिक पट्ट्यातली आणखी गावं 2027 मध्ये या अटींत बसू शकतात. त्यामुळे राज्याची लोकसंख्या ज्या प्रमाणात वाढली त्या प्रमाणात इष्टांक वाढेल, हे गणित धरून बसू नये. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करणाऱ्यानेही आधी गाव कोणत्या रकान्यात आहे ते पाहावं. 2011 च्या ग्रामीण यादीत कबनूर शोधलं तर सापडत नाही, आणि मग “आमचं गाव मोजलंच नाही” असा निष्कर्ष निघतो.

आता मोजणीकडे, कारण पुढचा इष्टांक कसा ठरेल हे तिच्या अचूकपणावर आहे. 2011 च्या मोजणीनंतर केलेल्या पडताळणी पाहणीत देशभरात हजारामागे 23 माणसं सुटल्याचं आढळलं होतं. सुटणारी माणसं सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात, ठरावीक जागी सुटतात. घरोघर मोजणी करणाऱ्या प्रगणकाला साधारण 700-800 वस्तीचा एक गट मिळतो आणि मोजणीआधी तो त्याचा नजरी नकाशा काढतो. आपल्याकडे गावठाण नकाशात नीट येतं. राहतात ती मळ्यातली घरं, दोन गावांच्या शिवेवरची वस्ती, आणि इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखान्यांत पाळीने झोपणारे कामगार. शिवेवरच्या घराला दोन्ही प्रगणक “ते त्यांच्याकडं” म्हणतात. नकाशा काढला जात असताना पोलीस पाटील किंवा कोतवालाने अशा घरांची यादी हातात दिली, तर हे टाळता येतं. मोजणी झाल्यावर तक्रार करून घर नकाशात आणता येत नाही.

सगळ्यात अवघड ऊसतोड कामगार. लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारीत होते. 2011 मध्ये ती 9 ते 28 फेब्रुवारी अशी होती आणि 1 ते 5 मार्च फेरतपासणी. त्या दिवसांत आपल्याकडे गळीत हंगाम सुरू असतो आणि बीडसारख्या जिल्ह्यांतून आलेल्या टोळ्या फडाजवळ कोप्या घालून राहिलेल्या असतात. नियम असा की जो माणूस मोजणीच्या संपूर्ण काळात आपल्या नेहमीच्या घरी नाही, त्याला तो सापडेल तिथे मोजायचं. मधल्या काळात तो थोडे दिवस जरी घरी असला, तर घरी मोजायचं. म्हणजे फेब्रुवारीभर शिरोळमध्ये ऊस तोडणारा कामगार शिरोळच्या लोकसंख्येत धरला जातो, आणि महिन्याच्या मध्यात परतलेली टोळी गावाकडे.

यातून दोन चुका होतात. गावाकडे राहिलेली आजी प्रगणकाला “पोरगा-सून आमचीच” म्हणून नावं सांगते आणि इकडेही ती मोजली जातात. किंवा कोप्या एका फडावरून दुसऱ्या फडावर हलतात आणि दोन्ही गटांच्या प्रगणकांना सापडत नाहीत. मोजणी झाल्याची पावती त्यांच्या अंगावर नसते, पण टोळी कुठे आहे याची रोजची खबर दोन ठिकाणी असते: मुकादमाकडे आणि कारखान्याच्या शेती विभागातल्या चिटबॉयकडे. चार्ज अधिकाऱ्याने मोजणीच्या काळात कारखान्यांकडून तोडीच्या कार्यक्रमानुसार टोळ्यांची गाववार यादी मागवली आणि प्रगणकाने कोपीतल्या प्रत्येकाला “मोजणी सुरू झाल्यापासून तुम्ही गावी गेला होता का?” एवढा एक प्रश्न पहिला विचारला, तर दोन्ही चुका बऱ्याच कमी होतात.

यांची रेशन कार्डं असतात बीडला. एक देश एक रेशन कार्डामुळे त्यांना इथल्या दुकानातून अंगठा लावून धान्य घेता येतं, पण त्यांचे युनिट त्यांच्या जिल्ह्याच्या इष्टांकातच राहतात. हंगामात ऊसपट्ट्यातल्या दुकानाला पोहोचलेला साठा मात्र गावच्या नेहमीच्या युनिटवरून ठरलेला असू शकतो. तसं असेल तर नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत शेवटच्या आठवड्यात दुकानातलं धान्य संपतं, आणि संपलेलं धान्य गावच्या माणसाला न मिळाल्यामुळे दोष टोळीवर येतो. ई-पॉस यंत्रात बाहेरच्या कार्डांवर किती उचल झाली ते महिन्याला वेगळं दिसतं. दुकानदाराने तो आकडा डिसेंबरपासूनच तालुक्याला कळवून वाढीव साठा मागायला हवा.